बिल्टी, काटा आणि पोच

रिकामी गाडी प्रवासात जड होत नाही. झालीच तर थोडी हलकी होते, कारण टाकीतलं डिझेल जळतं. एवढी साधी गोष्ट लक्षात ठेवली, म्हणून एका वाहतूकदाराचे तीन हजार रुपये चुकीच्या खात्यात जाता जाता वाचले.

गोष्ट बारामती भागातल्या एका कोंबडीखाद्याच्या कारखान्यातली. लातूरच्या मिलमधून तिथे सोयापेंड यायची. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. माल मिलच्या दारात विकत घ्यायचा आणि भाडं कारखान्याने द्यायचं, असा व्यवहार होता. पंधरवड्याला वाहतूकदाराचं एक बिल यायचं आणि ते तपासण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यातल्या चार खेपांच्या एका बिलाची तपासणी इथे क्रमाने सांगतो. रकमा मोठ्या नाहीत. पण भाड्याच्या बिलात जे जे चुकतं, त्यातलं बरंचसं त्या एका कागदावर होतं.

आधी बिल मिटून ठेवायचं

बिल हातात घेऊन त्याच्यावर बरोबरच्या खुणा करत जाणं, ही तपासणीची सगळ्यांत कमकुवत पद्धत. समोर १८,१२० हा आकडा दिसला की डोळा तोच आकडा शोधतो आणि कुठेतरी तो सापडतोच, कारण वाहतूकदारानेही तो कुठल्यातरी कागदावरूनच घेतलेला असतो. म्हणून मी बिल मिटून ठेवतो, फक्त त्यातले बिल्टी क्रमांक उतरवून घेतो आणि प्रत्येक बिल्टीचं भाडं आपल्या कागदांवरून स्वतः काढतो. बिल उघडायचं ते शेवटी, दोन रकमा शेजारी ठेवायला.

बिल्टी म्हणजे वाहतूकदाराने माल ताब्यात घेतल्याची पावती. कुणी तिला एलआर म्हणतात. तिच्यावर माल, वजन, गाडीचा नंबर, पाठवणारा आणि घेणारा ही माहिती असते. पण बिल्टीवरचं वजन ही पाठवणाऱ्याच्या सांगण्यावरून केलेली नोंद असते. त्याचा पुरावा वेगळ्या कागदांवर असतो. माल किती आला हे काट्याची पावती सांगते, भाडं कोणत्या हिशेबाने द्यायचं हे करार सांगतो, आणि माल कधी व कसा पोचला हे पोचपावती सांगते. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात तिला नुसतं ‘पोच’ म्हणतात.

काटा काय सांगतो

काट्याच्या पावतीवर तीन आकडे असतात: भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं म्हणजे टेअर, आणि दोन्हींची वजाबाकी करून येणारं निव्वळ वजन. बहुतेक कचेऱ्यांत फक्त तिसरा आकडा पाहिला जातो. माझा अनुभव असा की खरी माहिती पहिल्या दोन आकड्यांत असते.

आमच्या करारात लिहिलं होतं की भाडं कारखान्याच्या काट्यावर भरलेल्या निव्वळ वजनावर मिळेल. वाटेत पाव टक्क्यापर्यंत घट चालेल. त्यापेक्षा जास्त घट आली, तर जादा घटीची किंमत भाड्यातून वजा होईल. पेंडीत ओलावा असतो, उन्हात थोडं वजन उडतं, दोन काट्यांतही दहावीस किलोंचा फरक असू शकतो. तेवढ्यासाठी ही सूट. पहिली खेप मिलमधून १७,९४० किलो निघाली आणि आमच्याकडे १७,९१० भरली. घट तीस किलो, सूट जवळजवळ पंचेचाळीस किलोंची. वाद नाही, फक्त भाडं १७,९१० किलोंवर.

दुसरी खेप मिलच्या काट्यावर १८,१२० आणि आमच्या काट्यावर १८,०००. घट १२० किलो. सूट पंचेचाळीस किलोंची, म्हणजे पंचाहत्तर किलो जादा गेले. त्या वेळचा पेंडीचा खरेदीभाव किलोला ४० रुपये होता, तेव्हा वजावट ३,००० रुपयांची. आमच्या हिशेबनिसाने कागद तसा तयारही केला होता.

मी दोन्ही पावत्या शेजारी ठेवल्या. मिलमध्ये भरलेली गाडी २७,३८० किलो, आमच्याकडे २७,३३०. पन्नास किलो कमी, आणि ते बरोबरच होतं. भरलेली दहाचाकी गाडी लिटरला चारेक किलोमीटर जाते. अडीचशे किलोमीटरला साठ-बासष्ट लिटर डिझेल जळतं आणि डिझेलचं वजन लिटरला साधारण आठशे तीस ग्रॅम असतं. म्हणजे पन्नास किलो डिझेलचेच. माल वाटेत कमी झालाच नव्हता.

मग घट आली कुठून? रिकाम्या गाडीच्या आकड्यातून. मिलमध्ये रिकामी गाडी ९,२६० किलो होती, आमच्याकडे ९,३३०. अडीचशे किलोमीटर चालून आलेली गाडी पन्नास किलोंनी हलकी व्हायला हवी होती, ती सत्तर किलोंनी जड झाली होती. दोन्ही मिळून बरोबर १२० किलो.

वाहतूकदाराला फोन केला. तो म्हणाला, “साहेब, पोती मोजून घेतलीत ना तुम्ही? तीनशे साठ भरली होती, तीनशे साठच उतरली. एकाची शिवण उसवलेली नाही.” पोचेवरही तसंच लिहिलेलं होतं. मिलच्या वजनाने एका पोत्याची सरासरी ५० किलो ३३३ ग्रॅम येत होती, आमच्या वजनाने बरोबर ५०. गोदामातली त्याच खेपेची दहा पोती छोट्या काट्यावर ठेवली, तर सरासरी पन्नासच्या आसपास आली.

उलगडा ड्रायव्हरने केला. पावसाळ्याचे दिवस होते. मिलमध्ये पोचल्यावर त्याने दोन्ही ओल्या ताडपत्र्या आणि दोर शेडमध्ये उतरवून ठेवले होते आणि रिकामी गाडी तशीच काट्यावर घेतली. माल भरल्यावर ताडपत्र्या बांधल्या आणि मग भरलेल्या गाडीचं वजन झालं. दोन ताडपत्र्या आणि दोर मिलच्या पावतीवर पेंड म्हणून मोजले गेले होते. १२० किलोंची किंमत मिलकडून परत मागायची होती, वाहतूकदाराकडून नाही. त्याने जेवढा माल उचलला तेवढा पोचवला होता.

याच जागी जाणूनबुजून लबाडीही होते. रिकाम्या वजनाच्या वेळी स्टेपनी काढून ठेवायची, क्लीनर खाली उतरवायचा, भरलेल्या वजनाच्या वेळी दोन्ही परत चढवायचे. कधी माल भरून झाल्यावर वजनाआधी डिझेलची टाकी भरून घ्यायची. दोनशे लिटर डिझेल म्हणजे दीडशेहून जास्त किलो. उपाय एकच आहे. प्रत्येक गाडीच्या नंबरापुढे तिची टेअर वजनं एका वहीत उतरवत जायचं. दहा खेपांत गाडीचं रिकामं वजन कुठे फिरतं ते कळतं, आणि त्यापेक्षा शंभर किलो इकडे-तिकडे झालेली पावती आपोआप वेगळी दिसते. काट्यावर वैध मापन शास्त्र विभागाचा मुदतीतला शिक्का आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावं. शिक्का नसलेल्या काट्याच्या पावतीवर कुणाचे पैसे कापू नयेत.

दर: एका ओळीत न मावणारी गोष्ट

‘टनाला हजार रुपये’ हा अर्धा दर झाला. उरलेला अर्धा अटींमध्ये असतो. त्यातली पहिली अट म्हणजे गॅरंटी वजन. गाडी अर्धी भरली तरी तिचा ड्रायव्हर, डिझेल, टोल सुटत नाही, म्हणून वाहतूकदार किमान वजनाची हमी मागतो. आमच्याकडे दहाचाकीला टनाला १,००० रुपये आणि गॅरंटी १६ टन, सहाचाकीला टनाला १,१५० रुपये आणि गॅरंटी ९ टन, असं ठरलं होतं. प्रत्यक्ष वजन गॅरंटीपेक्षा कमी असेल तर भाडं गॅरंटीवर, जास्त असेल तर प्रत्यक्ष वजनावर.

तिसऱ्या खेपेला माल ९,८०० किलो होता. बिल्टीवर ‘दहाचाकी’ लिहिलं होतं, त्यामुळे गॅरंटीच्या हिशेबाने १६ टनांचे १६,००० रुपये होणार होते. पण काट्याच्या पावतीवर रिकाम्या गाडीचं वजन ६,४०० किलो होतं. दहाचाकी गाडी रिकामी असताना नऊ टनांच्या पुढे असते. सहा-साडेसहा टनांची गाडी सहाचाकीच. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ नोंदीत नंबर टाकून पाहिला, तेव्हा तेच निघालं. म्हणजे भाडं सहाचाकीच्या दराने, ९.८ टनांवर: ११,२७० रुपये. फरक ४,७३० रुपयांचा. माल थोडा होता म्हणून वाहतूकदाराने छोटी गाडी लावली, ते योग्यच केलं. मात्र कचेरीत बिल करणाऱ्याने नेहमीची ओळ तशीच उतरवली. आपणही टेअर पाहिलं नसतं, तर ती तशीच मंजूर झाली असती.

दुसरी अट डिझेलवाढीची. करार झाला तेव्हा डिझेल ९० रुपये धरलं होतं. बिलाच्या पंधरवड्यात ते ९३ रुपये ६० पैसे होतं. वाढ चार टक्के. बिलात मूळ भाड्यावर सरळ चार टक्के लावले होते. पण भाड्याचा सगळा खर्च डिझेलचा नसतो. टायर, पगार, टोल, कर्जाचा हप्ता, विमा डिझेलबरोबर वाढत नाहीत. आमच्या करारात भाड्यातला डिझेलचा वाटा ४० टक्के धरला होता. म्हणून चार टक्क्यांच्या ४० टक्के, म्हणजे भाड्यात १.६ टक्के वाढ. हा वाटा करारात लिहिलेला नसेल तर दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या ठरतात आणि भांडण मिटत नाही. डिझेल उतरलं की हीच अट उलट्या दिशेने चालवावी लागते. ते बिलात कुणी आपणहून करत नाही, तपासणाऱ्यालाच लक्षात ठेवावं लागतं.

पेंडीसारखा जड माल वजनावर जातो. हलका पण जागा खाणारा माल, विशेषतः सुट्या खोक्यांचा पार्ट लोड, आकारमानावर जातो. तिथला एक बारकावा छोट्या उद्योजकांना माहीत असावा. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करतात, त्याला २७,००० ने भागतात आणि घनफुटाला १० किलो, असं वजन धरतात. यातला २७,००० हा आकडा एक फूट म्हणजे ३० सेंटिमीटर धरल्याने आला आहे. खरा फूट ३०.४८ सेंटिमीटरचा, आणि खरा घनफूट सुमारे २८,३१७ घन सेंटिमीटरचा. ६० बाय ४५ बाय ४० चं खोकं पहिल्या हिशेबाने ४० किलो होतं, दुसऱ्या हिशेबाने ३८ किलोंहून थोडं जास्त. प्रत्येक खोक्यावर जवळजवळ पाच टक्के. यात फसवणूक नाही, ही रूढ पद्धत आहे. पण कोणता भाजक लावायचा, हे करार करताना ठरवून घेतलं नाही तर नंतर बोलायला जागा राहत नाही.

पोच: सही नव्हे, साक्ष

पोच म्हणजे माल घेणाऱ्याच्या सही-शिक्क्याची बिल्टीची प्रत. ती आल्याशिवाय भाड्याची बाकी रक्कम द्यायची नाही, हा सगळीकडचा नियम. पण बहुतेक ठिकाणी पोच ‘आली’ की तपासणी संपते. ती वाचली जात नाही.

वाचायच्या गोष्टी थोड्याच आहेत. गाडी कधी आली, कधी मोकळी झाली, किती नग उतरले आणि शेरा काय. शेरा नसलेल्या पोचेचा अर्थ माल पूर्ण आणि सुस्थितीत मिळाला असा होतो. चार पोती भिजलेली असतील, तर ते त्याच वेळी, ड्रायव्हरसमोर, दोन्ही प्रतींवर लिहायला हवं. आठ दिवसांनी गोदामातून फोन करून सांगितलेली भिजलेली पोती कागदावर सिद्ध करणं फार अवघड जातं. नुकसानीचा दावा न्यायालयात न्यायची वेळ आलीच, तर २००७ च्या रस्तेमार्गे मालवाहतूक कायद्यानुसार माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस दिलेली असावी लागते. तोंडी तक्रार चालत नाही.

चौथ्या खेपेची पोच स्वच्छ होती. आमच्याकडे वजन १८,०२० किलो भरलं, शेरा काही नाही. पण गाडी आल्याची वेळ लिहायची जागा कोरी होती. मी गेटवरचं आवक-जावक रजिस्टर मागवलं. गाडी मंगळवारी सकाळी नऊ वाजता आली होती आणि गुरुवारी दुपारी चार वाजता मोकळी झाली होती. पंचावन्न तास. त्या आठवड्यात हमाल कमी होते, तीन गाड्या रांगेत उभ्या होत्या. करारात पहिले चोवीस तास मोफत आणि त्यानंतर दर पूर्ण दिवसाला १,५०० रुपये हॉल्टिंग असं होतं. एकतीस तास जादा, म्हणजे एक पूर्ण दिवस. वाहतूकदाराने हे पैसे मागितलेच नव्हते, कारण त्याच्या हातातल्या पोचेवर वेळच नव्हती. मी ते हिशेबात धरले.

ही रक्कम का धरली, असं मला व्यवस्थापकांनी विचारलं होतं. माझं उत्तर आजही तेच आहे. आपण कागदांवरून भाडं काढतो तेव्हा कागद दोन्ही बाजूंनी बोलतात. फक्त कपातीचेच आकडे ऐकायचे असतील, तर त्या कामाला तपासणी म्हणता येणार नाही.

पोच आणखी एक प्रश्न सोडवते: ही खेप झाली तरी का, आणि ती आधी एकदा बिलात येऊन गेली का? एकच बिल्टी दोन बिलांत येणं हा नेहमीचा प्रकार आहे. बहुतेकदा तो मुद्दाम केलेला नसतो. पोच उशिरा आली म्हणून खेप मागच्या बिलातून वगळली जाते, मग दोघे जण ती वेगवेगळ्या बिलांत घालतात. संगणकात बिल्टी क्रमांक शोधून हे नेहमी सापडत नाही, कारण एकीकडे ‘४१७’ आणि दुसरीकडे ‘००४१७’ लिहिलेलं असतं. म्हणून मी क्रमांकाऐवजी गाडीचा नंबर, तारीख आणि निव्वळ वजन या तिन्हींची जोडी शोधतो. एकाच गाडीचं वजन दोनदा किलोपर्यंत तंतोतंत जुळलं, तर ती बहुधा एकच खेप. एकच गाडी एकाच दिवशी लातूरलाही भरलेली आणि नाशिकलाही उतरलेली दिसली, तर फास्टॅगवरच्या टोलनाक्यांच्या वेळा मागाव्यात.

गाडीचा नंबर पडताळणं किती साधं आणि किती मोलाचं आहे, हे १९९६ मध्ये उघडकीला आलेल्या बिहारच्या चारा घोटाळ्याने देशाला दाखवलं. चारा आणि जनावरं वाहून नेल्याच्या बिलांवरचे काही नंबर परिवहन कार्यालयात तपासले, तेव्हा ते स्कूटरसारख्या दुचाकींचे निघाले. बिलं पास होत होती, कारण नंबर कुणी विचारलाच नव्हता. आज तोच नंबर ई-वे बिलावरही असतो. बिल्टी, काटा पावती, ई-वे बिल आणि गेट रजिस्टर या चारही ठिकाणी तो एकच आहे का, हे पाहायला मिनिटभर पुरतं. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत भरला, तर नंबर बदलतो. मात्र मग ई-वे बिलातही तो बदललेला असायला हवा.

दोन रकमा शेजारी

आता बिल उघडायचं. वाहतूकदाराचं मूळ भाडं चार खेपांचं मिळून ७०,११० रुपये, त्यावर चार टक्के डिझेलवाढ, एकूण ७२,९१४ रुपये ४० पैसे. आमच्या कागदांवरून मूळ भाडं ६५,२०० रुपये, १.६ टक्के डिझेलवाढ १,०४३ रुपये २० पैसे, हॉल्टिंग १,५०० रुपये, एकूण ६७,७४३ रुपये २० पैसे. फरक ५,१७१ रुपये २० पैसे. बिलाच्या सात टक्क्यांहून थोडा जास्त.

त्यातला जवळजवळ सगळा फरक दोन ठिकाणांहून आला: गाडीचा प्रकार आणि डिझेलची टक्केवारी. वजनांचा फरक मिळून १८० रुपयांचा होता. पण सगळ्यांत जास्त वेळ वजनानेच घेतला आणि तो सत्कारणी लागला, कारण त्यामुळे तीन हजारांची चुकीची वजावट टळली.

जीएसटी शेवटी पाहायचा. मालवाहतुकीवर अनेकदा कर वाहतूकदाराने न भरता भाडं देणाऱ्या कंपनीने स्वतः सरकारला भरायचा असतो. काही वाहतूकदार मात्र कर स्वतः भरण्याचा पर्याय घेतात आणि बिलात लावतात. बिलात कर लावलेला असेल, तर त्याने तसा पर्याय घेतल्याचं घोषणापत्र मागावं. नाहीतर एकाच भाड्यावर कर बिलातही दिला जातो आणि सरकारलाही भरला जातो.

मग पत्र लिहायचं. ‘बिलातून ५,१७१ कमी’ अशी एक ओळ पुरत नाही. प्रत्येक बिल्टीपुढे तुमची रक्कम, आमची रक्कम आणि कारण, सोबत काट्याच्या दोन्ही पावत्या. चार ओळींचा तक्ता पुरतो. ज्याच्याकडे चार-पाच गाड्या आहेत त्याला कारण न कळता कापलेले पाच हजार म्हणजे एखाद्या ड्रायव्हरच्या पगाराचा प्रश्न असतो. आणि कारण कळलं नाही, तर तो ते पैसे पुढच्या दरात धरून ठेवतो. आमच्या वाहतूकदाराने तक्ता पाहिला, सहाचाकीची चूक मान्य केली, डिझेलवर थोडा वाद घातला आणि कराराचं कलम वाचून तोही सोडला.

तुमच्या कारखान्यात, दुकानात, शेतकरी कंपनीत किंवा सहकारी संस्थेत माल भाड्याच्या गाडीने येत असेल, तर उद्यापासून दोन गोष्टी सुरू करा. गेटवरच्या माणसाला सांगा की गाडी आल्याची आणि गेल्याची वेळ पोचेवर लिहिल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. आणि काट्याच्या पावतीवरचं रिकाम्या गाडीचं वजन एका वहीत उतरवायला लागा. या दोन नोंदी त्याच दिवशी झाल्या नाहीत, तर नंतर कितीही हुशार तपासनीस बसवला तरी त्याला त्या निर्माण करता येत नाहीत.